मशीन थांबवायचा अधिकार कुणाकडे?

वाळूजच्या एका डाय-कास्टिंग कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे धातूचे भाग ओतायचे पोलादी साचे किंवा डाय जिथे बनतात आणि दुरुस्त होतात त्या खात्यात, पंधरा-सोळा वर्षं काढलेल्या माणसाने प्रॉडक्शन मॅनेजरची खुर्ची नाकारली, आणि इकडच्या कारखानदारीतल्या लोकांना महिनाभर बोलायला विषय मिळाला. एका गटाचं म्हणणं, गड्याला अक्कल नाही. दारात आलेली लक्ष्मी परत पाठवली, आता रिटायर होईपर्यंत डाय घासत बसेल. दुसरा गट त्याच्या नावाने टाळ्या पिटत होता: खरा कारागीर आहे, माणसं हाकणं त्याच्या स्वभावात नाही, मन मारून मोठं होण्यापेक्षा हे बरं. चहाच्या टपरीपासून कारखान्यांच्या कॅन्टीनपर्यंत वाद याच दोन रुळांवरून धावत राहिला. दोन्ही गटांनी त्या माणसाचा स्वभाव सोलून काढला. त्याच्यासमोर ज्या दोन नोकऱ्या ठेवल्या होत्या, त्या मात्र कुणी उघडून पाहिल्या नाहीत.

माझं मत आधीच सांगतो. चाळिशीच्या आसपास येणाऱ्या या फाट्यावर "मला काय आवडतं" हा पहिला प्रश्न नसावा. पहिला प्रश्न असा की, तज्ज्ञ म्हणून राहिलो तर या कारखान्यात माझ्या शब्दाने मशीन थांबेल का? थांबत असेल, तर ती वाट खरी आहे आणि मॅनेजरकीच्या बरोबरीची आहे. थांबत नसेल, तर "सिनियर टेक्निकल एक्स्पर्ट" ही पाटी म्हणजे बढती न देता माणूस धरून ठेवायची सोय आहे, आणि तिथे आवडीच्या गप्पा मारणारे त्या माणसाचं नुकसान करतात. उलट, केवळ हाताला कौशल्य आहे म्हणून उत्तम डायमेकरला खुर्चीवर बसवणारा कारखाना स्वतःचंच नुकसान करतो. हे हवेत बोलून पटणार नाही, म्हणून एक उदाहरण तपशिलात घेऊ. ते एका कारखान्याचं नाही. दोन-तीन ठिकाणच्या गोष्टी जुळवून मांडतो आहे, पण यातला प्रत्येक तुकडा या धंद्यातल्या माणसाने कधी ना कधी पाहिलेला असतो.

दुचाकीच्या इंजिनाचं एक ॲल्युमिनियमचं कव्हर. वितळलेला धातू साडेसहाशे अंशांच्या वर तापलेला असतो, तो प्रचंड दाबाने पोलादी डायमध्ये मारला जातो, क्षणात डाय भरते, धातू गोठतो, डाय उघडते, भाग बाहेर. मग मशीनिंग, मग लीक टेस्ट, कारण आत तेल राहायचं असतं. या कव्हरची लीक टेस्ट फेल व्हायला लागली. आधी शेकडा दोन-तीन, मग सात-आठ. फेल झालेला भाग पुन्हा भट्टीत टाकता येतो, धातू वाया जात नाही. पण दोष कळतो तो मशीनिंग झाल्यावर, त्यामुळे त्यावर घातलेला मशीनचा वेळ, टूल आणि वीज गेली ती गेलीच. प्रॉडक्शनवाल्यांनी नेहमीचा उपाय केला. शेवटच्या टप्प्यातला दाब वाढवला. दोन दिवस आकडा जरा उतरला, सगळे खूश झाले. मग डायच्या जोडरेषेतून जादा धातूची पातळ झालर, म्हणजे फ्लॅश, यायला लागली, ट्रिमिंगचं काम वाढलं आणि लीकचा आकडा परत होता तिथे आला.

आता टूलरूमच्या माणसाने काय केलं ते पाहा. त्याने दाबाच्या सेटिंगला हात लावला नाही. आधी फेल झालेले भाग पाण्यात बुडवून, आतून हवा सोडून बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, आणि प्रत्येक भागावर खडूने खूण केली. सगळ्या खुणा एकाच बोल्टच्या उंचवट्याभोवती आल्या. धातूत हवा अडकत असती तर भोकं जागोजागी दिसली असती. एकाच जागी येतात म्हणजे ती जागाच वेगळी आहे. मग त्याने तो उंचवटा करवतीने कापून पाहिला. आतली पोकळी गोल आणि चकचकीत असेल तर ती अडकलेली हवा. खडबडीत, दातेरी असेल तर धातू शेवटी गोठताना आकसला आणि तिथे भरायला मागून धातू आला नाही. पोकळी दातेरी निघाली. तिसरी गोष्ट त्याने रजिस्टरमधून काढली: शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातले भाग चांगले, त्यानंतरचे वाईट. याचा अर्थ डाय पुरती तापल्यावर रोग सुरू होतो. तीन धागे एकाच ठिकाणी जात होते. डायमध्ये त्या उंचवट्याजवळ असलेल्या पिनला आतून थंड करणारं पाणी पोचत नव्हतं, तिथला धातू सगळ्यात शेवटी गोठत होता आणि आकसून पोकळ राहत होता. वाढवलेला दाब तिथवर पोचणार कसा? वाटेतला धातू आधीच घट्ट झालेला!

पिनमधलं ते भोक काही मिलिमीटरचं. त्यात बोअरच्या पाण्याचा क्षार धरून बसला होता. खात्री करायला हवी होती तर डाय उतरवायला, पिन काढायला, साफ करायला आणि परत चढवून ट्रायल घ्यायला चार-पाच तास मशीन बंद ठेवणं भाग होतं. उत्तर मिळालं, "साहेब, मशीन खाली नाही. गाडी लागलीये." हे उत्तर आठ-नऊ दिवस मिळत राहिलं. त्या आठ-नऊ दिवसांत मशीनिंग करून फेकलेल्या भागांचा खर्च त्या चार तासांच्या कित्येक पट झाला असणार, पण तो खर्च एका माणसाच्या नावावर पडत नाही. बंद मशीनचे चार तास मात्र शिफ्ट इन्चार्जच्या नावावर पडतात.

आवड-निवडीच्या चर्चेत नेमकी हीच जागा सुटते. त्या माणसाला रोग कळला होता. कारण समजायला जे ज्ञान लागतं ते त्याच्याकडे पूर्ण होतं. पण ज्ञानाला मशीनचे चार तास मिळत नव्हते. अशा कारखान्यात तज्ज्ञ म्हणून राहणं म्हणजे काय, याची कल्पना करा. सगळं दिसतं आणि काही करता येत नाही. ट्रायलला मशीन कोण देतं, हे विचारल्याशिवाय "तज्ज्ञाची वाट" या शब्दाला माझ्या लेखी अर्थ नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी म्हटलं असतं, मॅनेजर हाच खलनायक. पण शेवटी ते चार तास काढले तेही एका मॅनेजरनेच, आणि कसे काढले हे पाहण्यासारखं आहे. त्याला डायचं फारसं कळत नव्हतं. त्याने टूलरूमच्या माणसाला दोनच गोष्टी विचारल्या: किती वेळ लागेल, आणि तुझं चुकलं तर काय होईल? मग त्याने पुढच्या रविवारी एक जादा शिफ्ट लावून मशीन बंद राहील तेवढ्या वेळेपुरता माल आधीच साठवला. त्यासाठी माणसं लागत होती आणि दिवस सोयाबीन काढणीचे होते. वाळूजच्या कारखान्यांत गंगापूर, पैठण, वैजापूरच्या गावांतून येणारी पोरं खूप. काढणीच्या दिवसांत, पोळ्याला, महालक्ष्म्यांना हजेरी किती घसरते हे ज्याला ठाऊक नाही त्याने इथे शिफ्ट लावायच्या भानगडीत पडू नये. या मॅनेजरला ठाऊक होतं कुणाचं शेत कोरडवाहू आहे, कुणाची काढणी उरकली आहे, आणि कुणाला बदली सुट्टीचा शब्द दिला तर तो रविवारी नक्की येईल. त्याने ग्राहकाच्या माणसाला फोन करून गाडीची वेळ अर्धा दिवस पुढे ढकलून घेतली. सोमवारी डाय उतरली. पिन क्षाराने बुजलेलीच होती. साफ केल्यावर लीकचा आकडा शेकडा एकच्या खाली आला, आणि तिथून पुढे प्रत्येक कूलिंग लाइनच्या तोंडाशी मिनिटाला किती पाणी पडतं ते दर आठवड्याला मोजून लिहायची पद्धत पडली.

यात श्रेष्ठ कोण? एकाने कारण शोधलं, दुसऱ्याने चार तास शोधले. दुसऱ्याच्या कामातही तितकीच बारीक नजर आणि तितकीच वर्षांची साठवण आहे. "माणसं हाकणं" म्हणून ज्याची टिंगल होते ते इतकं गुंतागुंतीचं आहे. आणि हे काम पहिल्याला जमलंच असतं असं मानायला काही आधार आहे का? समजा त्यालाच मॅनेजर केलं असतं. मी पाहिलेल्या अशा बढत्यांमध्ये बहुतेक वेळा एकच घडतं. नवा मॅनेजर अडचण आली की बाह्या सरसावून स्वतःच मशीनपाशी जातो. त्याला तेच येतं, तेच आवडतं, आणि त्यात लगेच यश दिसतं. तोवर टेबलावर रजेचे अर्ज पडून असतात, कॉन्ट्रॅक्टरचं बिल अडकलेलं असतं, आणि टूलरूममधला ज्युनियर शिकायचं सोडून "साहेब येतीलच" म्हणून हात बांधून उभा असतो. सहा महिन्यांनी चित्र असं: टूलरूममध्ये पोकळी, खुर्चीवर थकलेला माणूस.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ज्याला काम येत नाही तो कामाचा साहेब कसा होणार? हा मुद्दा मला मनापासून मान्य आहे. आपल्या साहेबाला आपलं काम खरोखर कळतं असं ज्यांना वाटतं ते कर्मचारी नोकरीत जास्त समाधानी असतात, असं अभ्यासांतही दिसलं आहे. बाहेरून आणलेला, शॉप फ्लोअर काचेतून पाहणारा मॅनेजर काय नासधूस करतो हे चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत कुणालाही विचारा. पण या मुद्द्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यातून निघत नाही. साहेबाला काम कळायला हवं, हे एक. कामात जो सर्वांत तरबेज त्यालाच साहेब करायला हवं, हे दुसरं. वरच्या गोष्टीतल्या मॅनेजरला पिन कुठली बुजली हे सांगता आलं नसतं. पण कोणता प्रश्न विचारावा आणि कुणाच्या उत्तरावर विसंबावं एवढं काम त्याला कळत होतं. तेवढं पुरलं.

यावर एक चांगला पुरावा आहे, तो विक्रीच्या क्षेत्रातला. बेन्सन, ली आणि शू या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शंभराहून जास्त कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळायची शक्यता जास्त होती, आणि असे लोक मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने खालावत होती. उलट, जे आधी इतरांच्या साथीने सौदे करत आले होते ते मॅनेजर म्हणून बरे निघाले. मग कंपन्या चुकतच का राहतात? एक कारण अगदी माणसासारखं आहे: उत्तम काम करणाऱ्याला बक्षीस द्यायला त्यांच्याकडे खुर्चीखेरीज दुसरं काही नसतं. विक्री म्हणजे डाय-कास्टिंग नव्हे, हे उघड आहे. तरी हे शेवटचं कारण आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडतं.

इथे कुणी ना कुणी विश्वेश्वरय्यांचं नाव काढतोच. एवढा मोठा अभियंता, पुढे म्हैसूरचा दिवाण झाला, राज्य चालवलं. मग आमच्या डायमेकरला एक खातं का झेपू नये? त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर ते उलट बाजूची साक्ष देतं. १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसले तेव्हा ते मुंबई सरकारच्या नोकरीत अभियंता होते. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं आणि निजाम सरकारने त्यांना बोलावलं. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तिथे त्यांची भूमिका सल्लागार तज्ज्ञाची होती. वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर अडवा, असं त्यांनी सुचवलं, आणि ते निघून गेल्यावर उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. एका तज्ज्ञाच्या सल्ल्यावर राज्याने तिजोरी उघडली, कारण त्याचा शब्द चालावा अशी व्यवस्था त्या कामापुरती केली होती. दिवाण ते १९१२ साली झाले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. त्यांच्या बढतीचा दाखला देणाऱ्यांना हैदराबादचा हा टप्पा आठवत नाही, आणि माझ्या मते फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला उपयोगी पडणारा टप्पा तोच आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा आणि अडकून पडण्याचा, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त बोचतो. "तुमचं सगळं खरं हो, पण मॅनेजरचा पगार वाढत जातो, डायमेकरचा एका जागी थांबतो. पोरांच्या फिया कोण भरणार?" बरोबर आहे. तज्ज्ञासाठी वेगळी शिडी ठेवायची कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६३ मध्ये आपले पहिले 'फेलो' नेमले, म्हणजे हाताखाली खातं न घेताही माणूस कंपनीच्या वरच्या पायरीवर जाऊ शकतो हे कागदावर आणि पगारात दोन्हीकडे मान्य केलं. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांच्या एचआर धोरणांत अशी शिडी असते. खालच्या दोन पायऱ्यांवर माणसं दिसतात, वर कुणी नसतं. म्हणून शिडी आहे की नाही हे धोरण वाचून ठरवू नये. विचारावं की सगळ्यात वरच्या तांत्रिक ग्रेडवर आज कोण आहे, आणि तो कोणत्या खोलीत बसतो. आणि पगारापेक्षाही एक गोष्ट आधी तपासावी: तुमचं अप्रायझल कोण लिहितं? टूलरूमच्या तज्ज्ञाचं अप्रायझल प्रॉडक्शन हेडच्या हातात असेल, तर मशीन थांबवा म्हणायची हिंमत दर मार्चमध्ये थोडी थोडी कमी होत जाते. ते क्वालिटीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्रमुखाकडे असेल, तर माणूस खरं बोलू शकतो. सदोष माल "चालवून घ्या" असा डेव्हिएशनचा कागद निघतो, त्यावर तज्ज्ञाची सही लागते की फक्त त्याला प्रत जाते, हेही असंच. एवढ्या दोन-तीन गोष्टींची उत्तरं लेखी मागितली की मुलाखत घेणाऱ्याचा चेहराच सांगतो.

ज्ञान जुनं होण्याचं भय मात्र मला वाटतं तितकं नाही. इंजिनं जातील, गाड्या विजेवर चालतील, मग कव्हरच्या डाय कोण विचारणार? पण विजेच्या गाडीतही मोटारीची घरं ॲल्युमिनियमची ओतीव असतात, आणि तापलेला धातू शेवटी गोठतो तिथेच आकसतो, हे पेट्रोल संपल्याने बदलत नाही. बिडकीनला एथरच्या आणि टोयोटा-किर्लोस्करच्या कारखान्यांची घोषणा २०२४ मध्ये झाली, तेव्हापासून वाळूजच्या टूलरूममधले लोक आपापली किंमत नव्याने मोजू लागले आहेत, आणि ते योग्यच आहे. जुनं होतं ते एकाच डायच्या खोड्यांचं ज्ञान. "ही डाय अशीच रुसते" एवढंच ज्याला ठाऊक, तो त्या डायबरोबर भंगारात जाईल. पण हाच धोका मॅनेजरलाही आहे, हे कुणी बोलत नाही. कुणाचं शेत कोरडवाहू आहे हे ज्ञान चाकणला गेल्यावर शून्य होतं. तिथे माणसं नव्याने ओळखावी लागतात.

एक गोष्ट तर या चर्चेत कधीच येत नाही, ती कायद्याची. आपल्याकडे लोक "स्टाफमध्ये गेला" असं कौतुकाने म्हणतात. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे, आणि आता त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणेही, कुशल किंवा तांत्रिक काम करणारा माणूस पगार कितीही असला तरी 'कामगार' राहतो. व्यवस्थापकीय काम करणारा त्या व्याख्येबाहेर जातो, आणि देखरेखीचं काम करणारा पगार ठरावीक मर्यादेपुढे गेला की बाहेर जातो. ही मर्यादा २०१० पासून महिना १० हजार होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या या संहितेत ती १८ हजार आहे, म्हणजे देखरेखीच्या जागेवर बढती मिळालेला बहुतेक प्रत्येक जण बाहेरच. बाहेर गेल्यावर कपातीच्या वेळची नोटीस, दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई, युनियनच्या कराराची वाढ, यांतलं कायद्याचं कवच गळतं आणि हातात उरतं ते नेमणूकपत्र. न्यायालयं पदनाम पाहत नाहीत, माणूस मुख्यतः कोणतं काम करतो ते पाहतात. म्हणून नुसतं 'मॅनेजर' लिहून कुणाला बाहेर काढता येत नाही, पण खरोखर रजा मंजूर करणारा, माणसं नेमणारा माणूस बाहेर असतो. यासाठी बढती नाकारावी असं मी म्हणत नाही. पगारवाढीचा आकडा मोजताना हे दुसऱ्या पारड्यात टाकावं, एवढंच. मंदीत पहिली कुऱ्हाड मधल्या मॅनेजरांवर पडताना इथे अनेकांनी पाहिली आहे, आणि तेव्हा त्यांच्यासाठी गेटवर कुणी घोषणा दिल्या नाहीत.

पाहुण्यांचं काय, हाही मुद्दा आहेच. परभणी-जालन्याच्या लग्नात "पोरगा काय करतो" याला "मॅनेजर आहे" हे दोन शब्दांचं उत्तर आहे, आणि "डायची थर्मल बॅलन्सिंग बघतो" याला उत्तरच नाही. या दबावाला हसणं सोपं आहे. तो ज्याच्या घरात असतो त्याला विचारा. पण त्याच्यावर इलाज माणसाच्या हातात कमी आणि कंपनीच्या हातात जास्त आहे. तज्ज्ञाला जनरल मॅनेजरच्या बरोबरीची ग्रेड आणि तसं पदनाम द्यायला कंपनीला जवळपास काही लागत नाही. देत नाहीत, कारण पदनामाबरोबर अधिकारही मागितला जाईल.

ज्यांना खरंच कळत नाही आपल्याला कुठलं काम झेपेल, त्यांनी सहा महिन्यांसाठी कार्यवाहक म्हणून खुर्ची घ्यावी आणि परत टूलरूममध्ये त्याच ग्रेडवर येण्याची अट लिहून घ्यावी. सहा महिन्यांत हात विसरत नाही. दोन-तीन वर्षांनी मात्र परतणं अवघड होतं. कापलेली कास्टिंग पाहून दोष ओळखणारी नजर टिकते, पण डिझाइनचं सॉफ्टवेअर, नवी मशीनं आणि मुख्य म्हणजे ज्युनियर पोरांशी असलेली ऊठबस पुढे निघून गेलेली असते. या सहा महिन्यांत स्वतःची परीक्षा कशी घ्यावी? आठवड्यातून किती वेळा आपण दुसऱ्याचं काम स्वतः करून मोकळे झालो, ते लिहून ठेवावं. आकडा उतरत नसेल, तर परत जावं.

हे सगळं मोठ्या आणि मध्यम कारखान्यांना लागू. ऐंशी-शंभर माणसांच्या व्हेंडरकडे दोन शिड्या मागणं हास्यास्पद आहे. तिथे मालक स्वतःच मॅनेजर, स्वतःच खरेदी अधिकारी, आणि रात्री फोन उचलणाराही तोच. तिथल्या तज्ज्ञासाठी वाळूजमध्ये जुनी तिसरी वाट आहे. तारेने पोलाद कापणारं एखादं सेकंडहँड वायरकट मशीन घ्यायचं, भाड्याच्या गाळ्यात बसवायचं आणि आपल्याच जुन्या कंपनीचं काम जॉबवर्कने करायचं. टूलरूममधून डिप्लोमा करून निघालेल्या कितीतरी जणांनी हे केलं आहे. "मला कुणाची मॅनेजरकी करायची नाही" म्हणून बाहेर पडलेला हा माणूस वर्षभरात दोन पोरांच्या हजेरीमागे, जीएसटीच्या तारखांमागे आणि थकलेल्या बिलांमागे धावताना दिसतो. कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. ज्या कंपनीचं काम तो करतो, तिच्याकडे तो कायदा दाखवायला गेला तर पुढची ऑर्डर दुसऱ्या गाळ्यात जाते. त्यामुळे तिथे निघण्याआधीच एक हिशेब करायला हवा: गिऱ्हाईक किमान तीन हवेत, आणि एकाचंही काम एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त नको. असं असेल तर आठवड्यातले तीन दिवस डायपाशी मिळतात. एकच गिऱ्हाईक असेल, तर गाळा स्वतःचा असूनही मशीन कधी थांबवायचं हे पुन्हा दुसराच कुणी ठरवतो.